पन्नास रुपयांची मोजपट्टी

ठाण्यात कोर्ट नाक्यावरून मध्यवर्ती कारागृह चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला तो किल्ला, पुढे मराठ्यांनी जिंकलेला आणि मग इंग्रजांनी तुरुंग केलेला. 1816 मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले होते. कोर्टातून या तटाआड परत जाणाऱ्यांत काही जण असे असतात, ज्यांची खरी शिक्षा संपलेली असते. राहिलेला असतो तो फक्त दंड.

समजा, कळवा नाक्यावर बिगारी कामासाठी उभा राहणारा एक तरुण. बारा हजारांच्या मोबाइलची चोरी, जामिनाला माणूस नाही, म्हणून सहा महिने कच्चा कैदी. शेवटी तो गुन्हा कबूल करतो. कोर्ट म्हणते, भोगलेली कैद हीच शिक्षा, शिवाय तीन हजार रुपये दंड आणि दंड न भरल्यास आणखी एक महिना कैद. शहापूरहून आलेल्या आईच्या पिशवीत आठशे रुपये आहेत. नाझराकडे तीन हजारांची पावती फाटली असती, तर मुलगा त्याच संध्याकाळी तिच्याबरोबर लोकलमध्ये बसला असता. पावती फाटत नाही, मुलगा परत गाडीत बसतो, पण पोलिसांच्या.

इथे बहुतेकांना एक प्रश्न पडतो. सहा महिने तर आतच काढलेत, त्यातला एक महिना दंडापोटी का धरत नाहीत? कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा करण्याची तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 428 म्हणून आली. 1978 च्या दुरुस्तीने तिच्यात काही शब्द घातले गेले: ही वजावट दंड न भरल्याबद्दलच्या कैदेला लागू नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते शब्द तसेच आहेत. त्यामुळे जामीन न मिळाल्याने ज्याने जास्त दिवस आत काढले, त्याला ते दिवस इथे कामी येत नाहीत. दोन्ही वेळा अडचण एकच, पैसा नाही. पण कायद्याच्या वहीत त्याची दोन वेगळी खाती आहेत.

मुळात ही कैद कशासाठी ठेवली होती, हे पाहायला 1860 च्या भारतीय दंड संहितेत जावे लागते. कलम 63 ते 70 दंडाबद्दल होती. त्यातले शेवटचे कलम वाचले की कर्त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते ते कळते. दंड सहा वर्षांपर्यंत वसूल करता येतो आणि आरोपी मेला तरी त्याची मालमत्ता त्यातून सुटत नाही. ही भाषा जमीनजुमला असणाऱ्याला धरून आहे. पैसा असून लपवणाऱ्याला ‘आत बसतो, पण देत नाही’ असे म्हणता येऊ नये, म्हणून कैदेचा धाक. ज्याच्याकडे लपवायलाच काही नाही, त्याचा वेगळा विचार या कलमांत नाही. ऐपत तपासायची पायरीच नाही.

मोजपट्टी मात्र होती. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाला कमाल दोन महिने, शंभरपर्यंत चार महिने, त्यापुढे सहा. ज्या गुन्ह्यात कैदही सांगितली आहे, तिथे त्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत. चोरीला कमाल तीन वर्षे, म्हणजे दंडापोटी नऊ महिन्यांपर्यंत कैद कायद्यात बसते. आपल्या तरुणाला एक महिनाच मिळाला, ही न्यायाधीशांची मर्जी. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने ही कलमे इतर कायद्यांतल्या दंडांनाही लागू केली. म्हणून लोकलमध्ये विनापरवाना माल विकणाऱ्या फेरीवाल्याच्या दंडालाही, वेगळे काही सांगितले नसेल तर, हाच हिशोब लागतो.

पन्नास आणि शंभरचे आकडे 2024 च्या जूनपर्यंत कुणी हलवले नाहीत. 1860 मध्ये पन्नास रुपये ही भारी रक्कम होती. पुढे एखादा वडापावही पन्नासला मिळू लागला आणि जवळजवळ प्रत्येक दंड ‘त्यापुढे’ या खान्यात जाऊन सहा महिन्यांची वाट मोकळी करू लागला. 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आकडे पाच हजार आणि दहा हजार केले, हे बरे झाले. पण त्याच कलमात वरची मर्यादा सहा महिन्यांवरून एक वर्ष केली, याची चर्चा फारशी ऐकू आली नाही.

जुन्या संहितेत एक उदाहरण दिले होते, ते मला या सगळ्यात सर्वांत प्रामाणिक वाटते. शंभर रुपये दंड, न भरल्यास चार महिने कैद. पहिला महिना संपण्याआधी पंचाहत्तर रुपये भरले, तर महिना भरताच सुटका. म्हणजे पंचवीस रुपयांचा एक महिना. आपल्या तरुणाचा हिशोबही असाच: तीन हजारांना तीस दिवस, दिवसाला शंभर रुपये. आईने आठशे भरले तर आठ दिवस कमी. हे तिला कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगायला हवे, कारण ‘पूर्ण भरा नाहीतर आत’ असाच समज असतो.

इंग्लंडने 1914 मध्ये दंड भरायला मुदत देण्याची सोय केली आणि 1935 मध्ये ऐपतीची चौकशी कायद्यात आणली. आपल्याकडेही तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देता येतात. पण ते ‘फक्त दंडाची’ शिक्षा झाली असेल तरच. ‘भोगलेली कैद अधिक दंड’ ही त्या शब्दांत बसत नाही. ज्याला हप्त्यांची सर्वाधिक गरज, तोच बाहेर राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये म्हटले की ही कैद म्हणजे शिक्षा नव्हे, दंड न भरल्याचा परिणाम आहे, आणि दंड ठरवताना आरोपीची सांपत्तिक स्थिती पाहावी. त्या खटल्यात एक लाखाच्या दंडापोटीची तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली गेली. पण ‘शिक्षा नव्हे’ या म्हणण्याला दुसरी बाजू आहे. 2018 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मोक्का खटल्यात न्यायालयाने सांगितले की अशा कैदा एकाच वेळी भोगता येणार नाहीत, त्या एकामागून एकच चालणार. तिथेही तीन-तीन वर्षांच्या मुदती एकेका वर्षावर आणाव्या लागल्या.

2023 पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. पंचवीस हजारांपर्यंतचा दंड जिल्हा समिती मंजूर करू शकते. तुरुंग अधीक्षकाने सात दिवसांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, प्राधिकरणाने सात दिवसांत आर्थिक स्थिती तपासायची, मग समितीची मंजुरी आणि कोर्टात भरणा. कागदावर हे वेगवान आहे. पण ज्याची कैदच तीस दिवसांची, त्याचे पहिले चौदा समितीपुढे कागद जाण्यातच जातात. पुढचे दिवस समिती कधी बसते यावर. लांब मुदतीच्या कैद्याला योजना उपयोगी पडेल. आपल्या तरुणासारख्यांना तिच्यापेक्षा निकालाच्या दिवशी वकिलाने उठून बोललेले एक वाक्य जास्त उपयोगी: साहेब, याची रोजची कमाई आणि घरची स्थिती पाहून दंड ठरवावा.