पंचवीसच्या आतला बीएमआय

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा. त्यावर एक मेसेज येतो: “मोठ्या अभ्यासांत सिद्ध झालंय, बीएमआय 25 च्या आत असला की शुगरची भीती नाही.”

ते अभ्यास काटेकोर होते, पण माणसं मुख्यतः युरोपीय वंशाची. त्यांच्यापुरता निष्कर्ष खरा असला, तरी तो नागपुरात लागू पडेलच असं नाही. इथे कारण शरीरातच आहे: तेवढ्याच बीएमआयला भारतीयांच्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते. म्हणून आपल्याकडे जादा वजन 23 पासून धरतात.

धरमपेठेतले एखादे काका घ्या. उंची 165 सेंमी, वजन 66 किलो. 66 ला 1.65 च्या वर्गाने भागलं की 24.2. तिकडे निर्धास्त, इकडे शुगर तपासण्याजोगे. टेपही लावा: पुरुषांची कंबर 90, बायकांची 80 सेंमीच्या आत हवी. असा मेसेज आला की आधी बघा, अभ्यासात माणसं कुठली होती?