टिकलीची खाज आणि कुंकवातलं शिसं

"टिकलीने खाज आली म्हणजे तिच्यात शिसं आहे, आणि कुंकवाने काहीच होत नाही म्हणजे ते शुद्ध."

असं बऱ्याचदा म्हटलं जातं, पण खाज आणि शिसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाज बहुतेकदा टिकलीमागच्या गोंदाची असते, त्यात बऱ्याचदा पीटीबीपी नावाचं रेझिन असतं. कळव्याच्या माझ्या नणंदेला कपाळावर आधी लाल मग पांढरा चट्टा आला, अगदी टिकलीच्या मापाचा गोल, आणि ही खूण पकडायला सोपी आहे. कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायला डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, 48 तासांनी काढून बघितलं तर गोंदच निघाला. टिकली बंद केली, खाज गेली, पांढरेपणा मात्र अजून आहे (तो कधीकधी राहतोच).

शिशाचं उलटं, त्याने खाज येत नाही. कपाळातून फारसं आतही जात नाही, पण बोटाला लागलेली पूड तोंडात गेली की जातं, म्हणून घरात रांगतं बाळ असेल तर जास्त जपायचं. घरी लिंबाचा थेंब टाकून बघा, हळद-चुन्याचं कुंकू पिवळं पडतं, नुसत्या रंगाचं बहुतेक लालच राहतं. पण पिवळं पडलं तरी शिसं नाहीच असं नाही, हळदीतही भेसळ असते, ते लॅबमध्येच कळतं.