वेग उतरला, ठोके चढले: मुंबईतल्या त्या शर्यतीबद्दल

प्रिय पोरी,

मुंबईची हाफ मॅरेथॉन तुला दीड तासात संपवायची होती, लागले १ तास ३३ मिनिटे २० सेकंद. ‘सर, अख्खं वर्ष वाया गेलं’ असं तू म्हणालीस. शर्यतीची नोंद मी नीट वाचली आणि मला ते पटत नाही.

पहिले १० किलोमीटर तू ४२:२० मध्ये काढलेस, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या २० सेकंद पुढे. पुढच्या पाच किलोमीटरला २२:२० लागले, त्यापुढच्या पाचला २३:३०. आता ठोके बघ. पाचव्या किलोमीटरला १७०, पंधराव्याला १८४. वेग उतरत होता आणि ठोके चढत होते. नुसते पाय थकले असते, तर वेगाबरोबर बहुधा ठोकेही उतरले असते. (तू छातीला पट्टा बांधला होतास, म्हणून हे आकडे मी धरतो. मनगटावरचं घड्याळ कधी कधी पावलांचा ठेकाच ठोके म्हणून मोजतं.)

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे हवा गार आणि कोरडी असते, घाम अंगावरच उडून जातो. मुंबईच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. मग शरीर उष्णता बाहेर टाकायला जास्त रक्त कातडीकडे पाठवतं. घामावाटे रक्तातलं पाणीही कमी होत जातं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, दर ठोक्याला कमी रक्त पुढे ढकललं जातं आणि ती तूट भरायला ठोके वाढतात. याला ‘कार्डियाक ड्रिफ्ट’ म्हणतात. सुरुवातीची २० सेकंदांची घाई अशा हवेत फार महाग पडते.

तुझी तयारी कुठवर आली, हे गंगापूर रोडच्या आपल्या आठ किलोमीटरवरून कळतं. किलोमीटरला साडेचार मिनिटे हा वेग धरायला मागच्या जानेवारीत सरासरी १७४ ठोके लागत होते, या जानेवारीत १६३. दोन्ही दिवस सारख्याच थंडीचे होते म्हणून ही तुलना चालते. मे महिन्यातली नोंद मी यात मुद्दाम घेतली नाही. त्याच कामाला मिनिटाला ११ ठोके कमी लागतात, ही या वर्षाची कमाई आहे.

कमी पडली ती उकाड्याची सवय. ती यायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. रक्तातला पाण्याचा भाग पहिल्या आठवड्यातच वाढू लागतो, घामही लवकर सुटायला लागतो. पण सराव थांबला की काही आठवड्यांत ती सवय जातेही, म्हणून आत्ता घाई नको. पुढच्या शर्यतीआधी दोन आठवडे हलकी धाव पहाटेऐवजी दहा वाजता, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून. धावेच्या आधी आणि नंतर वजन करून लिहून ठेव, म्हणजे किती पाणी गेलं ते कळेल. चक्कर आली किंवा उन्हात अंगावर काटा आला, तर तिथेच थांब, सावलीत बस आणि मला फोन कर.

आणि दमट हवेत पहिले पाच किलोमीटर, प्रत्येकी ४:१६ ऐवजी ४:२५ ने.

तुझे सर
नाशिक