‘जागा नाही’ या शेऱ्यामागचा इतिहास

जळगावात वृत्तपत्राच्या डेस्कवर आठ वर्षं पानं लावल्यावर मी जनसंवादाच्या एम.ए.ला अर्ज केला. अर्जासोबत जोडायच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजचा पहिला मसुदा ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ इथून सुरू झाला होता. बातमीदाराने असा इंट्रो पाठवला असता तर मी तो तिथेच कापला असता. शेवटी तो काढला आणि एकच प्रश्न लिहिला: तालुक्यातून आलेली बातमी छापली जात नाही, तेव्हा ती नेमकी कुठे अडते? हा प्रश्न मला सुचला असं वाटत होतं. वाचत गेलो तेव्हा कळलं, तो माझ्याच खुर्चीवर बसलेल्या एका माणसाला 1949 सालीच विचारून झाला होता.

सुरुवात मात्र स्वयंपाकघरातून झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लोकांच्या खाण्याच्या सवयी बदलायच्या होत्या. कर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ त्या कामात होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. ताटात काय पडतं हे खाणाऱ्याच्या आवडीवर फारसं ठरत नाही, ते आधीच्या वाटेवर ठरतं. आपल्याकडचं भरीतच घ्या. वांगं मळ्यातून येतं की बाजारातून, घेताना कोणतं बाजूला टाकलं जातं, घरी आल्यावर कोणतं आधी चुलीवर जातं, या प्रत्येक वळणावर कुणीतरी हो किंवा नाही म्हणत असतं. त्याला लेविननी ‘गेटकीपर’ म्हटलं, म्हणजे द्वारपाल. बातमीही अशाच वाटांनी पुढे सरकते, हेही त्यांनी 1947 च्या लेखात नोंदवून ठेवलं.

डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी ते धरलं. एका मध्यम शहरातल्या दैनिकात वृत्तसंस्थांच्या तारा निवडणारा चाळिशीतला संपादक त्यांनी गाठला आणि त्याला ‘मिस्टर गेट्स’ असं टोपणनाव दिलं. फेब्रुवारी 1949 मधला एक आठवडा या गृहस्थाने टाकलेला एकही कागद फेकला नाही. पाळी संपल्यावर थांबून प्रत्येकावर नकाराचं कारण लिहिलं. आलेल्या मजकुरापैकी जवळपास नऊ दशांश मजकूर नाकारला गेला होता. कारणांत ‘प्रचारकी’ होतं, ‘कंटाळवाणी’ होतं, आणि अर्थातच ‘जागा नाही’. व्हाइट यांनी 1950 मध्ये निष्कर्ष मांडला, की निवड फार व्यक्तिनिष्ठ असते. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच नोंदीवर थांबलं: रात्र चढत जाते तसं ‘जागा नाही’चं प्रमाण वाढतं. डेस्कवर एक पाळी केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

पुढे 1956 मध्ये वॉल्टर गीबर यांनी विस्कॉन्सिनमधले सोळा तार-संपादक पाहिले आणि चित्र बदललं. त्यांना आवडीनिवडीपेक्षा वेळ, पानाचा आकार आणि कामाची ठरलेली घडीच जास्त निर्णायक दिसली. व्हाइटना माणूस दिसला, गीबरना पाळी दिसली. माझा अर्ज या दोघांच्या मधल्या जागेत उभा आहे.

एक रात्र सांगतो. सातपुड्यातल्या धडगावकडून बातमी आली: पावसात रस्ता खचला, रुग्णाला बांबूच्या झोळीतून खाली आणलं. फोटोसह तीन कॉलम ठेवली. नऊ वाजता अर्ध्या पानाची जाहिरात आली, बातमी एका कॉलमवर आली. साडेनऊला शहरातल्या कार्यक्रमाचा फोटो ‘घ्याच’ असा निरोप आला, आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान सोडताना बातमी होल्डवर गेली. दुसऱ्या दिवशी ती शिळी. मी मिस्टर गेट्स असतो तर शेरा ‘जागा नाही’ असाच लिहिला असता. तो खोटा नव्हता, पण कारणही नव्हतं. जागा कुणी आणि कितीला घेतली, हे त्यात येतच नाही.

शिवाय डेस्क हे शेवटचं दार. तालुका प्रतिनिधी अनेकदा जाहिरातीही आणतो. त्याने लिहिलीच नाही ती बातमी माझ्या स्क्रीनवर येत नाही, म्हणून माझ्या नकारांच्या यादीतही नसते. नुसती डेस्कची वही ठेवून अभ्यास केला तर अहवाल नीटनेटका होईल आणि अर्धा असेल.

म्हणून निवेदनात मी पद्धत अशी लिहिली: एकच विषय, केळीवरचा करपा किंवा सातपुड्यातले रस्ते, घ्यायचा आणि तो प्रतिनिधी, जिल्हा कार्यालय, डेस्क अशा तिन्ही दारांवर आठवडाभर पाहायचा. अडचणही लिहिली. वही ठेवतोय हे कळलं की मीच जास्त सांभाळून निवड करेन, म्हणून पाहणी माझ्या पाळीची नको. आणि न छापलेला मजकूर कार्यालयाचा असतो, तो परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाही.

शब्दमर्यादेत हे बसेना. पुरस्कारांचा परिच्छेद होता, तो होल्डवर टाकला.