मुंग्यांवरची गोळीच मुंग्या आणते तेव्हा

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त आढळलं ते गोव्यात : प्रौढांपैकी २६.४ टक्के. त्यामुळे पायांना मुंग्या येतात ही तक्रार इथल्या घराघरांत ओळखीची, आणि फार्मसीतून आणलेली ‘नसांची गोळी’ही तितकीच ओळखीची. या गोळीत बहुधा बी-१२ असतं, सोबत बी-१ आणि बी-६. बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन. नसांना ते हवंच, पण मोठ्यांना दिवसाला साधारण दोन मिलिग्रॅम पुरतं, आणि रोजच्या जेवणातून बहुतेकांना तेवढं मिळतं. भाकरी-मासळी खाऊन कुणाला बी-६ची बाधा होत नाही. बाधा होते ती गोळ्यांतून.

‘पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व, जादा झालं तर लघवीतून जाईल’ हा समज पक्का बसलाय. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, तीही पुरावा म्हणून सांगितली जाते. तो रंग बी-२चा, बी-६चा त्याच्याशी संबंध नाही. १९८३मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकीकत छापली. ते रोज दोन ते सहा ग्रॅम पायरिडॉक्सिन घेत होते आणि त्यांना धड चालता येईना. स्नायूंची ताकद शाबूत होती, पण पाय कुठे पडतोय हेच कळत नव्हतं.

याचं कारण नसांच्या रचनेत आहे. स्पर्श आणि हातापायांची स्थिती मेंदूला कळवणाऱ्या पेशींचे पुंजके मणक्यालगत असतात. मेंदूला रक्तातल्या पदार्थांपासून जसा आडोसा असतो तसा या पुंजक्यांना नाही, म्हणून जादा पायरिडॉक्सिन तिथे सहज पोचतं. हालचालीचे आदेश देणाऱ्या पेशी मात्र मज्जारज्जूच्या आत, आडोशाला. पेशींना नेमकी इजा कशी होते यावर एक मत असं : गोळीतलं पायरिडॉक्सिन शरीरात आधी कार्यक्षम रूपात बदलावं लागतं. ते अति झालं की त्या कार्यक्षम रूपाचीच जागा अडवतं. म्हणूनच बी-६ कमी पडलं तरी मुंग्या, जास्त झालं तरी मुंग्या.

आता डिचोलीतले एक निवृत्त मास्तर डोळ्यांसमोर आणा. मधुमेह जुना, पावलांना मुंग्या. इथल्या कॅप्सूलमध्ये बी-६ तीन मिलिग्रॅम. झोप लागावी म्हणून घेतलेल्या मॅग्नेशियमच्या पुडीत आणखी दहा. मग मुलगा मस्कतहून ‘बाबा, हीच घ्या, तिथली भारी असते’ म्हणत बी-१, बी-६, बी-१२ची गोळी आणतो. नावं तीच, गुण तोच सांगितलेला. पण अशा परदेशी गोळीत बी-६ कधी १००, कधी २०० मिलिग्रॅम असतं. मास्तर २००ची रोज दोनदा घेतात, म्हणजे दिवसाला ४१३ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३मध्ये प्रौढांसाठी ठरवलेली वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम आहे; अमेरिकेची जुनी मर्यादा १००. काही महिन्यांनी मास्तरांच्या बोटांनाही मुंग्या येतात, शर्टाचं बटण हाताला लागत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. घरचे म्हणतात साखर वाढली, आणि गोळी दिवसातून दोनदाऐवजी तीनदा सुरू होते. माझ्या मते खरा घात इथेच आहे.

फक्त लक्षणांवरून दोष मधुमेहाचा की गोळीचा हे सांगणं डॉक्टरांनाही कठीण. मधुमेहात मुंग्या सहसा वर्षानुवर्षं पावलांतून हळूहळू वर चढतात. हातपाय थोड्याच काळात सोबत बधिरले आणि तोल गेला, तर बी-६चा संशय घ्यावा. रक्तातलं बी-६ मोजता येतं. नमुना गोळी बंद करून बरेच आठवडे झाल्यावर दिला तर आकडा खाली आलेला असतो.

त्याआधी घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, डबे टेबलावर मांडून मागचा बारीक मजकूर वाचावा. ‘पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड’ किंवा ‘पायरिडॉक्सल फॉस्फेट’, दोन्ही बी-६च. ते मॅग्नेशियम आणि झिंकच्या गोळ्यांत, जिमवाल्यांच्या भुकटीत, एनर्जी ड्रिंकमध्ये, केसांच्या गोळ्यांतही सापडतं. मात्रा एकेका डब्यावर किरकोळ दिसते, बेरीज कुणी करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांकडे ५० मिलिग्रॅमहून कमी रोजच्या मात्रेतही नसा बिघडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायची सोय नाही.

क्षयरोगाच्या आयसोनियाझिडसोबत किंवा गरोदरपणातल्या उलट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं बी-६ मात्र परस्पर बंद करू नये, तिथे त्याचं काम आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांना बी-१२ कमी पडू शकतं. त्यांना बी-१२ एकटंही मिळतं, डॉक्टरांकडे तसं मागावं.

गोळी थांबवल्यावर पहिले दोन ते सहा आठवडे त्रास उलट वाढू शकतो. घाबरून गोळी पुन्हा सुरू करणारे नेमके याच टप्प्यावर फसतात. नंतर बहुतेकांना महिन्यामहिन्याने उतार पडतो, पण फार दिवस फार मात्रा गेली असेल तर थोडा बधिरपणा कायमचा राहतो.