साक्षीने चमत्कार सिद्ध होतो का?

“चमत्कार साक्षीने कधीच सिद्ध होऊ शकत नाही, हे ह्यूमने सिद्ध केलंय ना?”

नाही. 1748 मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने घातलेली अट वेगळी आहे: साक्ष खोटी असणं हे घटनेपेक्षाही अधिक अशक्य असेल, तर साक्ष मानावी. 1 जानेवारी 1600 पासून पृथ्वीभर आठ दिवस अंधार होता, असं सगळ्या देशांतले लोक एकमुखाने सांगत असतील, तर ते मान्य करून कारण शोधावं, असं तो स्वतःच म्हणतो. धर्माचा पाया ठरणाऱ्या चमत्कारांना मात्र तो ही सवलत देत नाही, आणि माझ्या मते तिथेच त्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

हिशोब करून पाहू. घटनेची मूळ शक्यता दहा लाखांत एक धरा. साक्षीदार शंभरात एकदाच चुकतो, म्हणजे प्रत्येक साक्षीने घटना खरी असण्याचं खोटी असण्याशी गुणोत्तर 99 ने गुणलं जातं. एकाच्या साक्षीने शक्यता साधारण दहा हजारांत एक होते, तिघांच्या साक्षीने जवळपास निम्मी, चौघांच्या साक्षीने 99 टक्क्यांच्या आसपास. पण हा गुणाकार साक्षी स्वतंत्र असतील तरच चालतो. चौघांनी एकाच माणसाकडून ऐकलं असेल, तर साक्ष एकच. म्हणून आधी विचारायचं: कुणी स्वतः पाहिलं, आणि सांगण्यापूर्वी ते एकमेकांशी बोलले होते का?