एसीच्या उष्णतेवर तापलेले पाणी आणि गिझरचे 'वाचलेले युनिट'

एप्रिलमध्ये सोलापुरात एखाद्या गल्लीतून दुपारी चालत गेलं की भिंतीवरच्या आउटडोअर युनिटचा झोत अंगावर येतो. एवढी उष्णता वाया चालली आहे, तिच्यावर पाणी तापवून गिझरची वीज वाचवता येईल, असं प्रत्येकाला वाटतं. कल्पना खरी आहे आणि जुनीही आहे. मात्र आज विक्रेते तिच्याबरोबर वीजबचतीचा जो आकडा सांगतात, तो वेगळ्या काळातल्या, वेगळ्या यंत्रांचा आणि वेगळ्या गावांचा आहे.

सुरुवात दूधधंद्यात झाली. दूध थंड करायला कॉम्प्रेसर आणि भांडी धुवायला गरम पाणी, ही दोन्ही कामं एकाच छपराखाली आणि रोज, त्यामुळे एकाची उष्णता दुसऱ्याला देणं तिथे सहज जमलं. घरगुती एसीला हे जोडायची लाट १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत आली आणि फ्लोरिडासारख्या, वर्षाचा मोठा भाग एसी चालणाऱ्या दमट भागात ती रुजली. आपल्याकडे हा प्रकार आधी मोठी हॉटेलं आणि रुग्णालयं यांच्या मध्यवर्ती चिलरवर आला. सोलापूर तेव्हा कूलरचं गाव होतं. हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांनी काम भागायचं. कूलरमध्ये कॉम्प्रेसर नसतो, म्हणून काढून घेण्यासारखी उष्णताही नसते. अंघोळीचं पाणी बंबावर, नंतर रॉडवर, मग गिझरवर आणि गच्चीवरच्या सोलरवर तापत गेलं. लॉजच्या खोल्यांत आणि दवाखान्यांत स्प्लिट एसी लागले, तेव्हा कुठे हा प्रश्न इथे आला.

इथे एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. 'एसीची गरम हवा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पंख्यातून येणारा झोत येतो. बाहेर ४२ अंश असताना हा झोत ५२ ते ५४ अंशांचा असतो. हाताला भाजल्यासारखं वाटतं, पण हवा उष्णता फार विरळपणे वाहते. तिच्यातून पाण्यात उष्णता न्यायची तर भलीमोठी जाळी लागते. शिवाय पंख्यासमोर तांब्याची गुंडाळी धरली की वाट अडते, कॉम्प्रेसरवरचा दाब चढतो आणि एसी जास्त वीज खातो. कोमट पाण्यासाठी एसीचं बिल वाढवून घेतलेल्या अशा गुंडाळ्या मी पाहिल्या आहेत. पाणी खरं तापतं ते हवेवर नाही, तर कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या डिस्चार्ज लाईनवर. तिथे गॅस ८० ते ९० अंशांचा असतो. या पाइपात एका बाजूने गॅस आणि दुसऱ्या बाजूने पाणी वाहील असा उष्णताविनिमयक बसवतात. गॅस आउटडोअरच्या कॉइलमध्ये शिरण्याआधी हा विनिमयक त्याची वरची धग उतरवून घेतो. धंद्यात याला डी-सुपरहीटर म्हणतात. कॉइलवरचा थोडा भार कमी होतो, म्हणून एसीलाही किंचित फायदा होतो.

पण 'वरची धग' म्हणजे सगळी उष्णता नव्हे. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५ किलोवॉट उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर दीड किलोवॉट वीज घेतो. म्हणजे बाहेर साडेसहा किलोवॉट उष्णता फेकली जाते. तिचा बराच मोठा भाग गॅसचं द्रव होताना, ४५ ते ५० अंशांना सुटतो. डी-सुपरहीटर फक्त त्यापूर्वीचा उष्ण टप्पा घेतो, साधारण १० ते २० टक्के. १५ टक्के धरले तर एक किलोवॉट. तेवढ्यात पाणी ५५ अंशांपर्यंत नेता येतं. सगळी उष्णता घ्यायची म्हटलं तर विनिमयकच कंडेन्सर, म्हणजे गॅसचं द्रव करणारा भाग, होतो. मग पाणी थंड असताना दाब खाली कोसळतो, गॅस वेळेआधी द्रव होतो, आणि एसीचं कूलिंग बिघडतं. त्यामुळे कारागीर 'मोठा बसवू, जास्त तापेल' म्हणाला तर नको म्हणावं. विनिमयक लहानच असावा लागतो.

आता आकड्याकडे. जुन्या, ठरावीक वेगाच्या कॉम्प्रेसरच्या, आर-२२ गॅसच्या विंडो आणि स्प्लिट एसींवर ही बचत मोजली गेली. त्या यंत्रांचा दाब चढा असे, डिस्चार्ज गरम असे, आणि खोली थंड होईपर्यंत यंत्र पूर्ण जोराने चालत असे. नंतर तारांकन आलं, २०१० पासून एसीला ते सक्तीचं झालं, पुढे इन्व्हर्टर सर्वत्र झाले. कॉइल मोठी झाली, कंडेन्सिंगचं तापमान उतरलं, रात्री कॉम्प्रेसर मंद चालू लागला. नव्या एसीतल्या आर-३२ गॅसमध्ये डिस्चार्ज थोडा जास्त गरम असतो, पण मंद चालीत तोही उतरतो. थोडक्यात, एसी जितका चांगला, तितकी काढून घेण्यासारखी उष्णता कमी. जाहिरातीतला आकडा जुन्या यंत्राचा असतो आणि बसवलं जाणारं यंत्र नवं असतं.

त्याहून मोठी गोष्ट मोसमाची आहे, आणि वाद तिथेच आहे. काही विक्रेते पाण्यात गेलेली प्रत्येक किलोवॉट-तास उष्णता म्हणजे वाचलेलं एक युनिट असं मोजतात. माझ्या मते ती मोजणी चूक आहे. गिझरने जी वीज प्रत्यक्षात खाल्ली असती, तेवढीच वाचते. सोलापुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळीही ३० अंशांच्या वर असतं. चौघांचं कुटुंब ८० लिटर पाणी वापरतं, ते ४० अंशांवर न्यायला एक युनिटही लागत नाही. बरेच जण तर मे महिन्यात गिझर लावतही नाहीत. डिसेंबरात तेच पाणी २० अंशांचं असतं आणि ४२ ला न्यायला दोन युनिट लागतात. पण डिसेंबरात एसी बंद असतो. घरासाठी हिशेब इथेच संपतो. एसी चालतो तेव्हा गिझर नको असतो, गिझर हवा तेव्हा एसी बंद. या गावातल्या घरमालकाला मी हे यंत्र सुचवणार नाही. त्याच्यासाठी गच्चीवरचं सोलर चांगलं आहे.

स्टेशनाजवळचा लॉज ही वेगळी गोष्ट. तिथे पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला निघालेली माणसं पहाटे अंघोळ करून बाहेर पडतात, आणि एसी रात्रभर चाललेला असतो. उष्णता रात्री जमते, पाणी पहाटे लागतं, मधल्या वेळात फक्त ती टाकीत साठवायची. समजा दहा एसी खोल्या आणि चाळीस माणसं, प्रत्येकी २५ लिटर, म्हणजे ४२ अंशांचं एक हजार लिटर पाणी. मार्चमध्ये नळाचं पाणी २७ अंशांचं. पंधरा अंशांचा चढ, म्हणजे साधारण साडेसतरा युनिट. चार एसींना डी-सुपरहीटर लावले आणि रात्री प्रत्येकाचा कॉम्प्रेसर एकूण पाच तास नीट चालला, तर २० युनिटांची उष्णता मिळते. पाइप आणि टाकीतून तीनेक युनिट गेली, तरी सतरा उरतात. पाचशे लिटरच्या इन्सुलेटेड टाकीत पाणी ५५ अंशांवर ठेवलं, तर थंड पाण्यात मिसळून नऊशे लिटरहून थोडं जास्त अंघोळीचं पाणी निघतं. दहाच्या दहा एसींना लावण्याचा आग्रह धरला तर जास्तीची उष्णता घेणारंच कोणी नसतं. टाकी तापली की डी-सुपरहीटर काहीच घेत नाही.

याच लॉजचा वर्षाचा हिशेब मी मांडून पाहिला. विक्रीच्या रीतीने रोज २० युनिट धरून वर्षाला सात हजारांच्या वर. मोसम धरून, मार्च-एप्रिलमध्ये रोज पंधरा ते सतरा, मे-जूनमध्ये तेरा, कारण पाणी आधीच ऊन असतं, पावसाळ्यात दहा, ऑक्टोबरात बारा, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत पाच-सहा, आणि डिसेंबर-जानेवारीत जेमतेम दोन धरले, तर साडेतीन हजार. त्यातून फिरवणारा पंप रोजचं अर्धं युनिट खातो, त्याचे एकशे ऐंशीच्या आसपास वजा. म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि तेही सगळ्या खोल्या भरलेल्या असताना. खोल्या रिकाम्या राहिल्या की उष्णताही घटते आणि मागणीही.

काही मालक खोलीतले गिझर बंद झाल्याने वाचणारी वीजही यात धरतात. पंचवीस लिटरचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर उभ्याउभ्या अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज घालवतो. दहा गिझर म्हटले तर पाच युनिट. पण ही बचत मध्यवर्ती टाकीची आहे, ती सोलरनेही मिळाली असती. ती वेगळ्या रकान्यात लिहावी. खात्री करायची असेल तर गिझरच्या लाईनवर सबमीटर बसवावा, आणि यंत्र बसवण्याआधीचा मार्च आणि नंतरचा मार्च यांची तुलना करावी, भरलेल्या खोल्यांची संख्या शेजारी लिहून.

इथल्या पाण्याचा मुद्दा बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. उजनी धरणाचं पाणी येत नाही त्या दिवशी टाकीत बोअरचं पाणी पडतं. ते जड असतं. ५०-६० अंशांवर त्यातले क्षार विनिमयकाच्या भिंतीवर बसतात, अगदी गिझरच्या कॉइलसारखे. पातळ थर बसला तरी उष्णता अडते. ओळख सोपी आहे: विनिमयकाच्या आधी आणि नंतर गॅसच्या पाइपाला तापमापक लावून पाहावा. बसवला तेव्हा दोन्हींत तीस अंशांचा फरक होता आणि आता दहाच उरला, तर साफसफाईची वेळ झाली. सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण पंपाने फिरवून तो साफ करता येतो, पण त्यासाठी दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह आधीच ठेवलेले हवेत. बारीक खाचांचा प्लेट प्रकार इथे लवकर बुजतो, म्हणून मी नळीत नळी या प्रकाराकडे झुकतो. तोही दुहेरी भिंतीचा घ्यावा, म्हणजे गळती झाली तरी गॅस आणि कॉम्प्रेसरचं तेल अंघोळीच्या पाण्यात उतरत नाही.

आर-३२ किंचित ज्वलनशील आहे. पाइप कापून ब्रेझिंग करण्याआधी गॅस काढून घ्यावा लागतो आणि पाइपात नायट्रोजन फिरवावा लागतो, नाहीतर आतली काजळी कॉम्प्रेसरमध्ये जाते. इन्व्हर्टरच्या कंट्रोल बोर्डाला, म्हणजे पीसीबीला, डिस्चार्जचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो विनिमयकाच्या नंतर राहिला, तर तापमान कमी दाखवतो आणि बोर्ड त्यानुसार चुकीचे निर्णय घेतो. सेन्सर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, विनिमयकाच्या आधीच राहिला पाहिजे. आणि पाइप कापला की कंपनीची वॉरंटी संपते, हे लॉजमालकाला आधी सांगावं. म्हणून हे काम वॉरंटी संपलेल्या, पण कॉम्प्रेसर शाबूत असलेल्या यंत्रावर करणं शहाणपणाचं. चार खोल्यांपैकी एका एसीवर हा जोड मार्च महिना चालवून पाहावा, आणि सबमीटरचे आकडे हाती आल्यावरच उरलेल्या तिघांचा पाइप कापावा.